अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र हाताशी असताना आहारशास्त्राच्या मास्टर्ससाठी एसओपी कसं लिहावं

फूड सायन्स, मायक्रोबायोलॉजी किंवा होम सायन्समध्ये बीएस्सी झाली, मग एफएसएसएआय या भारताच्या अन्नसुरक्षा नियामकाचा फॉस्टॅक हा प्रशिक्षण कोर्स केला, वर्षभर एखाद्या केटररकडे फूड सेफ्टी सुपरवायझर म्हणून काम केलं आणि आता ब्रिटनमध्ये डायटेटिक्सचं मास्टर्स करायचं आहे, अशी मुलंमुली हल्ली बरीच भेटतात. त्यांचे एसओपीचे, म्हणजे प्रवेशअर्जासोबत द्यायच्या ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’चे, मसुदे वाचताना एकच अडचण दिसते. प्रमाणपत्राचा उल्लेख असतो, पण त्याचा आहारशास्त्राशी संबंध काय, हे कुठेच आलेलं नसतं. वाचणाऱ्या प्राध्यापकाला वाटतं, ही व्यक्ती क्वालिटी विभागात चांगली रमली असती, हिला इकडे का यायचंय? या प्रश्नाचं उत्तर एसओपीतच मिळायला हवं. ते कसं बांधायचं, ते पाहू.

पहिली पायरी: कोर्स नेमका कोणता आहे ते तपासा

लिहायला बसण्याआधी हे काम उरका. ब्रिटनमध्ये ‘डायटीशियन’ हे पदनाम कायद्याने राखीव आहे. एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी असल्याशिवाय ते कोणालाही लावता येत नाही. त्या नोंदणीची वाट उघडणाऱ्या मास्टर्सना ‘प्री-रजिस्ट्रेशन’ म्हणतात, आणि मान्यताप्राप्त कोर्सची यादी एचसीपीसीच्या संकेतस्थळावर असते. ‘ह्यूमन न्यूट्रिशन’ किंवा नुसतं ‘क्लिनिकल न्यूट्रिशन’ अशा नावाचा कोर्स त्या यादीत नसेल, तर तो उत्तम असूनही तुम्हाला डायटीशियन करणार नाही. ‘मला रुग्णालयात डायटीशियन व्हायचंय’ असं एसओपीत लिहून अर्ज मात्र यादीबाहेरच्या कोर्सला केलेला, असे मसुदे मी पाहिले आहेत. वाचणाऱ्याला ते एका ओळीत कळतं.

याच वेळी प्रवेशाच्या अटीही वाचा. प्री-रजिस्ट्रेशन कोर्सना पदवीत बायोकेमिस्ट्री आणि फिजिऑलॉजी पुरेशी झालेली लागते. गुणपत्रिकेत हे विषय वेगळ्या नावाने असतील, म्हणजे बायोकेमिस्ट्री ‘फूड केमिस्ट्री’च्या पोटात गेली असेल, तर एसओपीत एक वाक्य त्यासाठी राखून ठेवा.

दुसरी पायरी: प्रमाणपत्र उलगडा

बाहेरच्या देशात फॉस्टॅक हे नाव कोणाला माहीत नसतं, एफएसएसएआयही नसतं. म्हणून पहिल्या उल्लेखातच ‘भारताच्या अन्नसुरक्षा नियामकाचं प्रशिक्षण, केटरिंग विभाग, अ‍ॅडव्हान्स्ड पातळी’ असं सरळ सांगा. त्याहून मोठं करून सांगू नका. फॉस्टॅक हा थोडक्या तासांचा कोर्स असतो. त्याला ‘अन्नसुरक्षेतील विशेष अभ्यासक्रम’ म्हटलं की सोबत जोडलेल्या प्रमाणपत्रावरूनच खरं काय ते दिसतं.

मग कोर्समुळे तुम्ही रोज काय करू लागलात, ते कागदावर काढा. गरम अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर आहे का, थंड अन्न ५ अंशांच्या खाली आहे का, हे थर्मामीटरने तपासून वहीत नोंदवणं. कच्चं मांस कापायची फळी आणि कोशिंबिरीची फळी वेगळी ठेवणं. आलेल्या मालावरचा लायसन्स नंबर, तारीख आणि घटकांची यादी वाचणं. उरलेल्या भाताचं काय झालं, याचा माग ठेवणं, कारण शिजवूनही जिवंत राहणारे बॅसिलस सेरेयसचे बीजाणू कोमट भातात वाढतात. या यादीतलं फार थोडं एसओपीत जाणार आहे. यादी करायची ती पुढच्या पायरीसाठी.

तिसरी पायरी: सुरक्षित असूनही चुकीचं ठरलेलं अन्न शोधा

सगळं एसओपी या पायरीवर उभं राहतं, तेव्हा इथे वेळ घाला. अन्नसुरक्षा विचारते, हे अन्न कोणालाही अपाय करेल का? आहारशास्त्र विचारतं, हे अन्न या माणसाला चालेल का? दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांपासून फारकत घेतात, असा एखादा प्रसंग तुमच्या कामात नक्की घडलेला असतो. तो सापडला की ‘इकडे का यायचंय’ हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा कोल्हापूरची एक मुलगी रुग्णालयाचं जेवण पुरवणाऱ्या केटररकडे सुपरवायझर आहे. रक्तदाबाच्या रुग्णांसाठी स्वयंपाकघरात नेहमीच्या मिठाऐवजी ‘लो सोडियम’ मीठ आलं. तिने पाकीट पाहिलं. लायसन्स नंबर होता, तारीख पुढची होती, पाकीट सीलबंद होतं. तिने माल आत घेतला. तिच्या कामाच्या हिशेबाने यात काहीही चूक नव्हती. दुपारी रुग्णालयाच्या डायटीशियनने डायलिसिस वॉर्डाची सगळी ताटं थांबवली. लो सोडियम मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. निरोगी मूत्रपिंड जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतात. निकामी मूत्रपिंडांना ते जमत नाही, मग ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. पोटॅशियम क्लोराइड हा शब्द पाकिटावर छापलेला होता आणि तिने तो वाचलाही होता. पण तो कोणासाठी धोक्याचा आहे, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं.

या मुलीला लेबल वाचण्याची सवय आहे आणि त्याचा पुढचा अर्थ लावण्याचं शिक्षण नाही. तेवढंच शिकायला ती मास्टर्स करणार आहे. तुमचा प्रसंग वेगळा असेल. स्ट्रोकच्या रुग्णाला गिळता येईल इतपत मऊ आणि एकजीव नसलेली, पण स्वच्छ आणि गरमागरम खिचडी असेल, किंवा मिक्सरमधून काढून वॉर्डात तासन्‌तास पडून राहिलेलं आरटी फीड, म्हणजे नाकातल्या नळीवाटे द्यायचं पातळ अन्न, असेल. आरटी फीडच्या बाबतीत दोन्ही प्रश्न एकत्र येतात. घरगुती पदार्थ वाटून केलेलं फीड खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हे सुरक्षेचं झालं. त्यात प्रथिनं किती आणि पाणी किती, हे आहाराचं.

चौथी पायरी: प्रसंग परिच्छेदात बसवा

बहुतेकांचा पहिला मसुदा असा असतो: ‘फॉस्टॅकमुळे मला अन्नाच्या गुणवत्तेचं महत्त्व समजलं. समाजाच्या आरोग्यासाठी काहीतरी करण्याची इच्छा निर्माण झाली. म्हणून मी आहारशास्त्राकडे वळत आहे.’ यातला ‘आहारशास्त्र’ शब्द काढून तिथे ‘फूड टेक्नॉलॉजी’ घाला. परिच्छेद तसाच चालतो ना? मग तो बाद.

तोच मजकूर त्या मुलीने पुन्हा लिहिला तर असा होईल (प्रत्यक्षात इंग्रजीत, इथे मराठीत देतो): ‘रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात आलेला माल तपासणं माझ्याकडे होतं. लो सोडियम मिठाचं पाकीट मी नियमाप्रमाणे स्वीकारलं. डायलिसिसच्या रुग्णांसाठी ते डायटीशियनने थांबवलं, कारण त्यात पोटॅशियम क्लोराइड होतं. त्यानंतर मी तिच्याकडून रीनल डाएटची यादी मागून घेतली आणि माल तपासायच्या तक्त्यात त्या वॉर्डासाठी वेगळा रकाना सुरू केला. कोणता घटक लिहायचा, हे मला कळत होतं. किती प्रमाण चालेल आणि रुग्णाच्या रक्ततपासणीनुसार ते कसं बदलेल, हे कळत नव्हतं.’

पहिल्यापेक्षा हे थोडं लांब आहे, पण यात एकही फुगवलेलं विशेषण नाही. मुलीने स्वतः काय केलं, ते आहे. धोका डायटीशियनने ओळखला, हेही ती प्रामाणिकपणे सांगते. ‘मी वेळीच रुग्णांचे प्राण वाचवले’ असं लिहायचा मोह होतो, पण मुलाखतीत ते दोन प्रश्नांत कोसळतं. रुग्णाचं नाव, खाट क्रमांक, रुग्णालयाचं नाव यातलं काहीही लिहू नका. गोपनीयता पाळता येते का, हेही वाचणारे याच ठिकाणी पाहतात.

पाचवी पायरी: प्रसंगाला शास्त्राचा आधार द्या

प्रसंगाच्या लगेच पुढे पदवीतला संबंधित अभ्यास आणा. पोटॅशियमबद्दल लिहिलं असेल, तर फिजिऑलॉजीत नेफ्रॉनचं काम शिकल्याचं तिथेच येऊ द्या. सगळ्या विषयांची माळ नको, ती गुणपत्रिकेत आहे. प्रकल्प अन्नसुरक्षेवर केला असेल तर तो एका वाक्यात उरका. जे लिहाल त्यावर पुढचा प्रश्न येणार हे गृहीत धरा. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर असतं, बटाट्याच्या बारीक फोडी भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकलं की पोटॅशियम कमी होतं, एवढं तरी तोंडावर हवं.

मग त्या कोर्समध्ये काय आहे, ते तुमच्या त्रुटीशी जोडा. प्री-रजिस्ट्रेशन कोर्सचा मोठा भाग रुग्णालयातल्या प्लेसमेंटमध्ये जातो. ‘मला प्लेसमेंट आवडेल’ हे कोणीही लिहील. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम केलेलं असल्यामुळे डायटीशियनची सूचना ताटापर्यंत पोहोचताना कुठे हरवते हे मी पाहिलंय, असं तुम्ही लिहू शकता, आणि ते बहुतेक अर्जदारांना लिहिता येणार नाही.

सहावी पायरी: शब्दांची वाटणी आणि जोडणी

आधी विद्यापीठाची शब्दमर्यादा पाहा. साधारण ८०० शब्द मिळाले, तर मी प्रसंग आणि त्यानंतर केलेलं काम यांना ३०० देईन, शास्त्राला २००, कोर्सला २०० आणि पुढच्या कामाच्या दिशेला उरलेले. सुरुवात थेट प्रसंगाने केलेली चालते. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ने सुरू होणारी एसओपी इतकी येतात की ते वाक्य इंग्रजीत केलं तरी ओळखू येतं.

शेवटी प्रमाणपत्राची मुदत तपासा. फॉस्टॅक दोन वर्षांसाठी असतं. मुदत संपली असेल तर एसओपीत ‘प्रमाणित सुपरवायझर आहे’ असं न लिहिता ‘अमुक साली प्रशिक्षण घेतलं’ असं लिहा, आणि प्रमाणपत्रावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळतं का, तेही अपलोड करण्याआधी पाहून घ्या. वडिलांचं नाव एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, हा घोळ आपल्याकडे नेहमीचा आहे.