चौकांतून मोजलेले अंतर आणि हवाई अंतर: मॅनहॅटनच्या नकाशावर कसे काढावे

मॅनहॅटनमध्ये ३४ वा रस्ता आणि आठवा अव्हेन्यू यांच्या चौकातून ४२ वा रस्ता आणि पाचवा अव्हेन्यू यांच्या चौकात चालत जायचे आहे. किती चालावे लागेल?

आधी चौक मोजा. ३४ पासून ४२ पर्यंत आठ छोटे ब्लॉक होतात, प्रत्येकी साधारण ८० मीटर, म्हणजे ६४० मीटर. आठव्यापासून पाचव्या अव्हेन्यूपर्यंत तीन लांब ब्लॉक आहेत. ते सारखे नाहीत, पण सरासरी २८० मीटर धरली तर ८४० होतात. दोन्हींची बेरीज १,४८० मीटर, हेच चौकटीचे अंतर. मधल्या प्रत्येक चौकात वळत जिन्यासारखे गेलात तरी त्यातला एक मीटरही कमी होत नाही. फार तर सिग्नल सोयीचे मिळतील. पाचव्याच्या पूर्वेला मात्र नुसते आकडे वजा करू नका. पाचवा आणि तिसरा यांच्या मध्ये मॅडिसन, पार्क आणि लेक्सिंग्टन असे तीन अव्हेन्यू येतात.

आता हवाई अंतर. ६४० आणि ८४० या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू. त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे १,०५६ मीटर येते. चालणे त्याच्या १.४ पट झाले. सरळ चौकटीत हे प्रमाण १.४१ च्या वर जात नाही, आणि दोन्ही ठिकाणे एकाच रस्त्यावर असली की १ वर येते.

खरी चूक होते ती अक्षांश-रेखांशांवरून हिशेब करताना. १८११ च्या आराखड्यातली ही चौकट उत्तरेपासून सुमारे २९ अंश पूर्वेकडे कललेली आहे. आपल्या दोन चौकांमधला पूर्व-पश्चिम फरक सुमारे १,०४५ मीटर आणि उत्तर-दक्षिण फरक १५३. यांची बेरीज १,१९८, म्हणजे खऱ्यापेक्षा सुमारे २८० मीटर कमी! म्हणून आधी अक्ष २९ अंशांनी फिरवून घ्या, मगच बेरीज करा. हवाई अंतराला याने काही फरक पडत नाही, ते कोणत्याही अक्षांवर तेवढेच येते.

तिरका ब्रॉडवे हा या हिशेबाला अपवाद. ३४ वा रस्ता-सहावा अव्हेन्यू इथून ४२ वा रस्ता-सातवा अव्हेन्यू इथे चौकटीने ९२० मीटर होतात, ब्रॉडवेने ७०० च्या आसपास. आपल्या पहिल्या वाटेला तो कामाचा नाही, कारण उत्तरेकडे जाताना तो पश्चिमेला सरकतो. पुण्याच्या पेठांसारख्या वाकड्यातिकड्या गल्ल्यांत तर चौकटीचे सूत्र लावूच नका, रस्त्यावरचे प्रत्यक्ष अंतर मोजा.

ड्रोन किती लांब उडेल किंवा भोंग्याचा आवाज कुठवर जाईल, यासाठी हवाई अंतर घ्या. चालणे आणि सायकल यांसाठी चौकटीचे. गाडीला एकेरी वाहतुकीमुळे त्याहूनही जास्त पडू शकते. ‘दुकानापासून १ किलोमीटरच्या आत घरपोच’ ठरवताना नकाशावर कंपासने वर्तुळ काढले, तर ३.१४ चौरस किलोमीटर भाग आत येतो. पण चौकटीच्या रस्त्यांनी १ किलोमीटरच्या आत गाठता येणारा भाग चौकोनी पतंगासारखा असतो आणि तो फक्त २ चौरस किलोमीटर भरतो. वर्तुळातली एक तृतीयांशाहून जास्त जागा त्याच्या बाहेर राहते, तीही अव्हेन्यू आणि रस्ते यांच्या मधल्या तिरक्या दिशांना.