फोन आपोआप टॅप होतोय? फोल्डर बदलण्याआधी ठिपका बघा

माझ्या आत्याने एकदा रात्री साडेअकराला मला व्हिडिओ कॉल लावला. आपण कॉल लावला होता हे तिला दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडूनच कळलं. उशाशी चार्जिंगला लावलेला फोन रात्री चाचपून बघितला की तो आपल्या मनाने उघडझाप करायचा, कुणालाही फोन लावायचा, मेसेजमध्ये 'ररररपप' असं काहीतरी लिहून पाठवायचा. जवळच्या दुकानदाराने फोन दोन मिनिटं हातात फिरवला आणि निकाल दिला, "टच गेलाय, फोल्डर बदलावा लागेल, साडेतीन हजार." फोल्डर म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले मिळून असलेला स्क्रीनचा अख्खा भाग. दुसऱ्याने सांगितलं, "सॉफ्टवेअर मारून देतो, पाचशे रुपये." शेवटी दोन्ही खर्च टळले. कसे, ते ओघात येईलच.

काचेखाली पारदर्शक, वीजवाहक रेघांची आडवी-उभी जाळी असते. बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि टच कंट्रोलर नावाची चिप तो बदल मोजते. बोट म्हणजे काय हे तिला कळत नाही, तिला फक्त बदल कळतो. पाण्याचा थेंब, चार्जरमधून येणारा विजेचा गोंधळ, आतून दाबणारी फुगलेली बॅटरी, यांतल्या कशानेही तसाच बदल झाला तर तिच्या लेखी तो टॅपच. याउलट एखादं अ‍ॅप स्वतःच टॅप करत असेल तर या जाळीला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून पहिला प्रश्न एवढाच: टॅप जाळीतून येतोय की जाळीला वगळून?

आधी दोन कामं

फोन अजून ऐकतोय तोवर फोटो, कॉन्टॅक्ट आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्या. यूपीआयला सहसा पिन लागतो, त्यामुळे पैसे सहजासहजी जात नाहीत. पण लॉक स्क्रीनवर हे भुताटकीचे टॅप चुकीचे पिन टाकत बसतात आणि फोन बराच वेळ कुलूपबंद होतो.

दुसरं, स्क्रीन अगदीच बेभान झाली असेल तर फोनच्या चार्जिंगच्या जागी यूएसबी वस्तू जोडू देणारा ओटीजी अ‍ॅडाप्टर लावून साधा यूएसबी माउस जोडा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर बाण दिसू लागतो आणि काचेला हात न लावता सेटिंग्जमध्ये फिरता येतं.

ठिपका दाखवणारी सोय सुरू करा

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये About phone उघडा आणि Build number वर सात वेळा टॅप करा. सॅमसंगमध्ये ते Software information च्या आत असतं. शाओमीमध्ये त्याऐवजी MIUI version किंवा OS version वर सात टॅप करावे लागतात. मग Developer options दिसू लागतं. तिथल्या बाकी कशाला हात लावू नका, फक्त Show taps सुरू करा. आता काचेला बोट लागलं की तिथे एक छोटा पांढरट ठिपका उमटेल.

हा ठिपका फक्त काचेवरच्या जाळीतून आलेल्या स्पर्शाचा असतो. एखाद्या अ‍ॅपने आतून टॅप केला तर बटण दाबलं जातं, पण ठिपका उमटत नाही. शेजारचा Pointer location हा पर्याय मात्र दोन्ही प्रकारचे टॅप दाखवू शकतो, त्यामुळे या कामासाठी तो एकटा पुरत नाही.

आता फोन टेबलावर सपाट ठेवा, चार्जर काढा, स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ वाढवा, कॅल्क्युलेटरसारखं निरुपद्रवी अ‍ॅप उघडा आणि हात न लावता दहा मिनिटं बघा. शक्य असेल तर हे स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये पकडा. दुकानात गेल्यावर फोन हमखास शहाण्यासारखा वागतो, तेव्हा ते रेकॉर्डिंग कामी येतं.

ठिपका नाही, तरी बटणं दाबली जातायत

असं असेल तर काच निर्दोष आहे, फोल्डरवर पैसे घालवू नका. सेटिंग्जमध्ये Accessibility उघडा आणि डाउनलोड केलेल्या अ‍ॅपपैकी कुणाला परवानगी दिली आहे ते बघा. गेमसाठी घेतलेला ऑटो-क्लिकर तिथे सापडतो, आणि मग हसून सोडून देता येतं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लग्नपत्रिकेच्या किंवा वाहन चलानाच्या नावाखाली एखादी APK फाइल टाकली गेली असेल, तर मामला गंभीर आहे. अशी अ‍ॅप्स हीच परवानगी वापरून तुमच्या वतीने बटणं दाबतात. लगेच एअरप्लेन मोड लावा, वाय-फायही बंद असल्याची खात्री करा, आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

दोषी अ‍ॅप ओळखू येत नसेल तर Safe mode वापरा. बऱ्याच फोनवर पॉवर मेनूतलं Power off दाबून धरलं की तो पर्याय येतो. त्यात डाउनलोड केलेली सगळी अ‍ॅप्स झोपलेली असतात. तिथे त्रास थांबला तर अलीकडे टाकलेली अ‍ॅप्स एकेक करून काढा.

ठिपका दिसतोय

बहुतेकांच्या बाबतीत हेच होतं, आणि घाई होते तीही इथेच. ठिपका दिसला म्हणजे फोल्डर गेला असं नाही. जाळीला बाहेरून कोण छेडतंय ते आधी तपासायचं. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही.

फोन बंद करून काच किंचित ओलसर मऊ कापडाने आणि मग कोरड्याने पुसा. पावसाळ्यात आणि घामट हातांत एवढंही कधीकधी पुरतं. मग कव्हर काढा, विशेषतः कडा घट्ट आवळणारं. तरीही ठिपके येत असतील तर टेम्पर्ड ग्लास काढा, जीव तुटला तरी. तिच्या आणि काचेच्या मध्ये ओल किंवा धूळ शिरलेली असते आणि वरून ती दिसत नाही. टच सेन्सिटिव्हिटी वाढवणारा पर्याय चालू असेल तर तोही बंद करून बघा.

आता चार्जर. आत्याच्या फोनचं गुपित इथेच होतं.

चार्जर नसताना तिच्या फोनवर दहा मिनिटांत एकही ठिपका आला नाही. चार्जर लावून फोन नुसता ठेवला तरी शांत. पण चार्जिंग चालू असताना बोट टेकवलं की त्याच्या वर-खाली, एकाच सरळ रेषेत, आणखी तीन-चार ठिपके नाचू लागले. ही खूण नीट लक्षात ठेवा. स्वस्त दोन पिनी चार्जरमध्ये विजेचा गोंधळ गाळणारी व्यवस्था कच्ची असते. तो गोंधळ फोनभर पसरतो, पण त्याला जमिनीकडे वाट मिळते ती आपल्या शरीरातून, म्हणजे बोट लागल्यावर. म्हणून खोटे टॅप बोटाच्या रांगेतच उमटतात. अशा चार्जरवर फोनच्या धातूच्या कडेला हात लावला की कधीकधी झिणझिण्याही येतात.

शहानिशा करायला पॉवर बँक लागते. ती भिंतीतल्या विजेला जोडलेली नसते, म्हणून तो गोंधळ तिच्यातून येत नाही. फक्त पॉवर बँकच त्या वेळी प्लगला लावलेली नको, नाहीतर चाचणी फुकट. आत्याचा फोन पंधरा मिनिटं पॉवर बँकेवर चार्ज केला, वर हवं तसं बोट फिरवलं, एकही जादा ठिपका नाही. मग कपाटातून फोनबरोबर आलेला जुना चार्जर काढला, तोही स्वच्छ. दोषी निघाला बाजारातून दीडशे रुपयांना आणलेला चार्जर.

पॉवर बँकेवरही ठिपके आले तर चार्जर निर्दोष सुटला. मग उष्णता बघायची. फोन वीस मिनिटं बंद ठेवून गार करा. गार असताना शांत आणि गेम खेळून तापला की ठिपके, असं दर वेळी घडत असेल तर संशय आतल्या भागांवर जातो.

आतला बिघाड कसा ओळखायचा

बाहेरचं सगळं काढूनही ठिपके येत असतील तर ते कुठे येतात ते बघा. एकाच पट्ट्यात किंवा एकाच कोपऱ्यात येतात का? फोन आडवा करा. चित्र फिरतं, पण ठिपके काचेच्या त्याच जागी राहिले, तर जाळीचा तो भाग किंवा त्याचं कनेक्शन खराब आहे. आता Pointer location सुरू करून बोट हळू हळू ओळीने सगळ्या स्क्रीनवर फिरवा, शेत नांगरल्यासारखं. बोटामागे उमटणारी रेघ दर वेळी एकाच जागी तुटत असेल तर तोच निष्कर्ष पक्का होतो.

ठिपके सगळीकडे विखुरलेले असतील आणि त्रास सिस्टिम अपडेटच्या दिवशीच सुरू झाला असेल, तर थोडं थांबा. टच कंट्रोलरचं स्वतःचंही सॉफ्टवेअर असतं आणि ते अपडेटबरोबर बदलू शकतं. ठिपक्याच्या चाचणीला हे ओळखता येत नाही, एवढी तिची मर्यादा. इथे मात्र पुढचं अपडेट किंवा फॅक्टरी रीसेट करून बघण्यात अर्थ आहे. रीसेट घरीच फुकट होतो, त्याला पाचशे रुपये कशाला?

फोन सपाट टेबलावर डुलतो का, काचेची कड उचलली गेलीये का, हेही बघा. तसं असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग लगेच थांबवा, काच दाबून बसवायचा मोह टाळा, आणि फोन दुरुस्तीला न्या. बऱ्याचदा इथे बॅटरी बदलण्यावर भागतं.

दुकानात

फोल्डर बदलूनही हा त्रास राहू शकतो, कारण दोष फोनच्या मुख्य सर्किट बोर्डावर असू शकतो. आयफोन 6 प्लसमध्ये हे गाजलं होतं. फोन वाकण्या-पडण्याने बोर्डावरच्या टच चिपचे टाके सैल व्हायचे, आणि नवी स्क्रीन लावली तरी दुखणं परत यायचं. अ‍ॅपलने नोव्हेंबर 2016 मध्ये त्यासाठी 149 डॉलरची खास दुरुस्ती योजना काढली. उलट आयफोन X मध्ये दोष स्क्रीनच्याच भागात होता आणि 2018 च्या योजनेत ती फुकट बदलून मिळाली. तुमच्या मॉडेलसाठी कंपनीची अशी योजना चालू आहे का, हे तिच्या साइटवर आधी बघा. वॉरंटी असेल तर बाहेर फोन उघडूच देऊ नका.

दुकानदाराला रेकॉर्डिंग दाखवा आणि एकच मागणी करा: नवा फोल्डर चिकटवण्याआधी नुसता कनेक्टरला जोडून, तुमच्यासमोर पंधरा मिनिटं Show taps सुरू ठेवून दाखवायचा. त्रास तापल्यावर होत असेल तर फोन तापवून. नव्या फोल्डरवरही ठिपके आले तर तो काढून परत ठेवता येतो आणि बोर्डाचं बोलणं सुरू करता येतं. एकदा गोंद लागला की तो फोल्डर तुमचा. आणि तो ओरिजिनल आहे की कॉपी हे बिलावर लिहून घ्या, कारण कमी प्रतीच्या कॉपी फोल्डरवर हेच भूत पुन्हा बसतं.