१००० सबस्क्रायबर झाल्यावर आभार कसे मानायचे

आमचं अभंगांचं छोटं चॅनल आहे, कसबा पेठेत घरीच रेकॉर्ड करतो. १००० झाले म्हणून आभाराचं लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, तर प्रत्येक ओळीत "आमची मेहनत", "आमचा प्रवास". मग एवढंच केलं:

१. "आम्ही" वाली वाक्यं खोडली, फक्त चूक कबूल करणारं ठेवलं.
२. ऐकणाऱ्यांनी खरंच केलेली एक गोष्ट घातली.
३. आकडा एकदाच, तोही मधे, सुरुवातीला आला की जाहिरातच वाटते.

उरलं ते असं:

"राम कृष्ण हरी माउली. पहाटे काकड्याला तुम्ही सोबत बसता. एका ताईंनी अभंगातला आमचा चुकलेला शब्द सांगितला, तो आम्ही सुधारला. आज आपण हजारजण झालो. गोड वाटलं ते पांडुरंगाचं, चुकलं ते आमचं. उद्या पहाटे साडेपाचला भेटूच."

वीसेक सेकंदात होतं, मागे नुसती तंबोऱ्याची साथ पुरते. शेवटी "शेअर करा, आता २००० करू" जोडायचा मोह होतो, ते नको, आभार तिथेच मागणी होऊन जातात.

आणि कमेंटमधे कुणी आजारपण, नवस लिहिलेला असतो, तो विचारल्याशिवाय नावासकट वाचू नका.