प्लॅनिंगच्या आधी बॅकलॉगमध्ये काय बघायचं

सोमवारी प्लॅनिंग असेल तर बॅकलॉगमधले वरचे आयटम गुरुवारीच उघडून बसा. शीर्षक, कुणासाठी, अंदाजाचा आकडा हे सगळ्यांना येतं, ते सोडून देतो.

आधी एकच विचारा: या आयटमसाठी टीमबाहेरच्या कुणाकडून काही यायचंय का, आणि ते आज हातात आहे का? ‘मागितलंय’ हे उत्तर नव्हे. ‘दोन दिवसांत देतो म्हणालेत’ हे तर मुळीच नव्हे. मागच्या स्प्रिंटला नेमकं हेच कुणी विचारलं नाही, आणि कोड लिहून झालेला आयटम जसाच्या तसा परत बॅकलॉगमध्ये गेला.

तोच आयटम घेऊ. कारखान्याच्या काट्यावर उसाचं वजन झालं की शेतकऱ्याला त्याच्या भाषेत मेसेज जावा, मराठी किंवा कन्नड. वाचायला एक ओळ. पण आपल्याकडे असा मेसेज पाठवायचा तर त्याचा मजकूर आधी टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर टेम्पलेट म्हणून मंजूर करून घ्यावा लागतो, बदलणाऱ्या आकड्यांच्या जागी ठरलेली खूण ठेवून. पाठवलेला मजकूर त्याच्याशी जुळला नाही तर मेसेज वाटेतच अडतो. कोड बरोबर, टेस्ट हिरव्या, आणि शेतकऱ्याचा फोन मात्र वाजत नाही. मराठी टेम्पलेट आधीच मंजूर होतं. कन्नड मजकूर कारखान्याच्या शेतकी खात्याकडून यायचा होता, त्यानंतर मंजुरी. म्हणजे टीमबाहेरचे दोन हात, आणि दोन्हींच्या तारखा कुणालाच माहीत नाहीत.

अशा वेळी आयटम फोडा. मराठी मेसेजचा आयटम प्लॅनिंगला घ्या, तो एकटाही उपयोगाचा आहे. कन्नडचा खाली राहू द्या आणि त्यावर लिहा: कुणाकडून, काय, कधीपर्यंत, आपल्यातलं कोण पाठपुरावा करणार. या चारांतलं एक जरी रिकामं असेल तर तो रेडी नाही. पॉइंट कितीही कमी असोत, नाही म्हणजे नाही.

आता अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया. ‘वजन झालं की’ म्हणजे कधी? आधी भरलेल्या गाडीचं वजन होतं, ऊस उतरवल्यावर रिकाम्या गाडीचं, आणि निव्वळ वजन त्यानंतरच कळतं. मेसेज दुसऱ्या वजनानंतर जायचा, हे स्पष्ट लिहा. भाषा गावावरून ठरवू नका. निपाणीत कन्नड घर सापडतं आणि चिकोडीत मराठी. खातेदाराच्या नोंदीत भाषेचा रकाना आहे का, आणि तो भरलाय का, ते बघा. (रकाना भरून देणारही बाहेरचाच माणूस. बघा, परत तिथंच आलो.) मजकुराची लांबीही मोजा. एकाच भागात जाणाऱ्या देवनागरी किंवा कन्नड मेसेजमध्ये 70 अक्षरं मावतात, इंग्रजीत 160. आणि मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात: ‘निव्वळ’ डोळ्याला तीन अक्षरं, हिशेबात सहा.

डेफिनिशन ऑफ डन वेगळी. ती सगळ्या आयटमना एकच: रिव्ह्यू झाला, टेस्ट पास, स्टेजिंगवर चालतंय, नोंद लिहिली. प्रत्येक आयटमखाली ती परत परत चिकटवू नका. आणि तयारीची गोष्ट डनमध्ये ढकलू नका. ‘टेम्पलेट मंजूर’ हे डनच्या यादीत टाकलं की ते स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी आठवतं. जे कामाला हात घालण्याआधी लागतं ते रेडी, जे आपण काम करून सिद्ध करायचं ते डन. खऱ्या फोनवर मेसेज वाचता आला, हे या आयटमच्या क्रायटेरियात. सिम्युलेटर चालणार नाही.

रेडीचं उगाच कुलूप करू नका, हेही खरं. 2020 च्या स्क्रम गाइडमध्ये डेफिनिशन ऑफ रेडी नाहीच. एका स्प्रिंटमध्ये डन होऊ शकतो तो आयटम निवडायला तयार, एवढंच तिथं म्हटलंय. रेडीची यादी हा आपला आपसातला करार. प्रत्येक स्क्रीनचं चित्र मागत बसलात तर प्लॅनिंगला एकही आयटम येणार नाही. बटणाचा रंग स्प्रिंटमध्ये ठरवता येतो, डीएलटीची मंजुरी आपल्या हातात नाही. एवढा फरक धरून चाला.

बाकी पटापट. कुणाची सुट्टी, कुणाच्या गावची जत्रा, आधी विचारा. जो आयटम अख्खा स्प्रिंट खाईल तो फोडा. अर्धवट आयटम स्प्रिंट रिव्ह्यूला दाखवायचा नाही, त्याचे अर्धे पॉइंटही मोजायचे नाहीत, तो बॅकलॉगमध्ये परत. आणि शेतकी खात्याला मेल नको, फोन करा, कन्नड मजकूर हातात पडेपर्यंत.