प्रबंधासाठी चॅटजीपीटी वापरताय? नोंद अशी ठेवा

समजा, एम.ए.च्या प्रबंधासाठी घेतलेल्या 40 मुलाखतींतली उत्तरं तुम्ही चॅटजीपीटीकडून विषयवार गटांत लावून घेताय. पुढे मार्गदर्शक विचारणारच, यातलं तुमचं किती आणि यंत्राचं किती? अशा वेळी स्क्रीनशॉट फारसे कामाला येत नाहीत, कारण ते निवडक असतात.

सुरुवातीलाच या कामासाठी वेगळं चॅट उघडा. टेम्पररी चॅट मात्र नको, ते हिस्ट्रीत राहत नाही. कस्टम इन्स्ट्रक्शन्स किंवा मेमरी चालू असेल तर त्यातला मजकूर कॉपी करून ठेवा. त्याचा उत्तरांवर परिणाम होतो, पण संवादात तो दिसत नाही.

खरी गोम आहे प्रॉम्प्ट दुरुस्त करण्यात. पाठवलेला प्रॉम्प्ट एडिट केला की जुना प्रॉम्प्ट आणि त्याचं उत्तर पडद्यावरून जातं. खाली फक्त 2/2 असा बारीक आकडा आणि बाण उरतो. ‘गट पाड’ म्हटल्यावर पाच गट आले, ते पटले नाहीत म्हणून ‘स्थलांतर हा गट वेगळा धर’ असं घातलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की स्थलांतराचा गट पहिल्यापासूनच होता. म्हणून एडिट न करता दुरुस्ती नव्या संदेशात लिहा. फसलेला प्रयत्नही नोंदीचाच भाग आहे.

सोबत एक साधी एक्सेल शीट ठेवा: तारीख, मॉडेलचं नाव, कोणती फाइल दिली, उत्तरातलं काय घेतलं, काय बदललं. शेवटचे दोन रकाने त्याच दिवशी भरा, कारण ते चॅटमध्ये कुठेच सापडत नाहीत. ‘पाचपैकी तीन गट ठेवले, दोन एकत्र केले, सात उत्तरं हाताने हलवली’ एवढं पुरे.

प्रकरण संपलं की Settings मधल्या Data controls मध्ये जाऊन Export data करा. दुवा ईमेलवर येतो. तो 24 तासांनी निकामी होतो, तेव्हा झिप लगेच उतरवून घ्या. त्यातल्या conversations.json मध्ये एडिट केलेल्या फांद्याही असतात. वेळ मात्र सेकंदांत असते: 1714545000 म्हणजे 1 मे 2024, भारतीय वेळेनुसार दुपारी 12.

ही फाइल उघडून ‘नीट’ करत बसू नका. विंडोजवर तिचा ठसा काढा:

```
certutil -hashfile conversations.json SHA256
```

येणारी 64 अक्षरं त्याच दिवशी मार्गदर्शकांना मेल करा. फाइलमध्ये नंतर एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा जुळणार नाही. अर्थात, दुसऱ्या खात्यावरून काही विचारलं नाही, हे त्याने सिद्ध होत नाही. ते प्रबंधात तुम्हीच लिहून द्यायचं.

एक्सपोर्टमध्ये तुमची घरगुती चॅटही येतात. म्हणून मूळ फाइल स्वतःजवळ ठेवा आणि परिशिष्टात फक्त या कामाचा संवाद जोडा. मुलाखत दिलेल्यांची नावं त्यात असतील तर ‘उत्तरदाता 1’ असे क्रमांक घाला आणि कुठे काय झाकलंय ते तिथेच लिहा.