चॅटबॉट वापरलाय? सरांना असं विचारा

वडोदऱ्यात शिकणाऱ्या माझ्या भाचीने सरांना लिहिलं, "रिपोर्टमध्ये चॅटबॉट वापरल्याचं सांगायचं का?" उत्तरच आलं नाही. एवढ्यावरून सर तरी काय ठरवणार? मग तिने नेमकं काम सांगितलं आणि छापायचं वाक्यही सोबत दिलं:

"आदरणीय सर, सूरसागर तलावाच्या पाण्याच्या चाचण्या आणि निष्कर्ष माझे आहेत. फक्त प्रकरण 2 ची भाषा चॅटबॉटकडून सुधारून घेतली. ऋणनिर्देशाखाली 'प्रकरण 2 च्या भाषासुधारणेसाठी चॅटबॉट वापरला. मजकूर मी तपासला आहे' असं लिहिलं तर चालेल का?"

त्याच संध्याकाळी होकार आला. पत्र बाइंडिंगच्या आधी पाठवा, सुधारणेआधीचा मसुदाही जपून ठेवा. चॅटबॉटने सुचवलेले संदर्भ मात्र स्वतः उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. कधीकधी तसा लेख अस्तित्वातच नसतो.