जर्मनीला निघताय? पेन्शनच्या पैशाला हात लावू नका

पासपोर्ट, व्हिसा, डिग्रीची प्रमाणपत्रं, लोणच्याची बरणी हे तुम्ही न सांगता घ्याल, त्यावर शब्द खर्च करत नाही. ही यादी पुण्यात काही वर्षं नोकरी करून जर्मनीत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, आणि तीही फक्त पेन्शनपुरती.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: राजीनामा दिल्यावर फॉर्म १०सी भरून पेन्शनचे पैसे काढू नका. पीएफ काढायचा तर काढा, तो फॉर्म १९. १०सीला हात लावू नका. पोर्टलवर दोन्ही एकाच यादीत एकाखाली एक दिसतात आणि आपण "काढतोच आहोत तर सगळंच काढू" म्हणून दोन्हींवर क्लिक करतो. मी केलं. मिळाले लाखाला थोडे कमी. त्यात विमानाचं तिकीट आणि पहिल्या घराचं डिपॉझिट निघालं, आणि मी खूश होतो.

आता काय गेलं ते बघा. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. त्यानुसार एका देशातली नोकरीची वर्षं दुसऱ्या देशाच्या पात्रतेसाठी धरली जातात. जर्मनीत वृद्धापकाळाच्या पेन्शनला किमान ६० महिने लागतात, आपल्याकडे पीएफसोबत चालणाऱ्या पेन्शन योजनेला, म्हणजे ईपीएसला, १० वर्षं, म्हणजे १२० महिने. माझी पुण्याची नोकरी ऑगस्ट २०११ ते नोव्हेंबर २०१७, म्हणजे ७६ महिने. जर्मनीतली जानेवारी २०१८ ते फेब्रुवारी २०२२, म्हणजे ५० महिने. बेरीज १२६. जर्मनीची अटही पार, भारताचीही पार. पण १०सीने पैसे घेतल्यावर ते ७६ महिने शून्य झाले. उरले ५०. ना इकडे पुरेसे, ना तिकडे.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. वर्षं एकत्र होतात, पैसे नाही. पुण्याचे पैसे फ्रँकफुर्टला जात नाहीत. दोन्हीकडची वर्षं मोजून फक्त "हा माणूस पात्र आहे का" एवढं ठरतं. मग प्रत्येक देश आपल्याकडच्या नोकरीपुरतीच पेन्शन देतो. जर्मनीत सरासरी पगारावर एका वर्षाला एक पॉइंट मिळतो, आणि जुलै २०२५ च्या दराने एका पॉइंटचे महिन्याला ४०.७९ युरो होतात. ५० महिन्यांचे चार पॉइंट आणि वर थोडे, म्हणजे त्या दराने महिन्याला साधारण १७० युरो, वयाच्या ६७ पासून. ईपीएसमध्ये १५,००० गुणिले ६ वर्षं भागिले ७०, म्हणजे महिन्याला तेराशेच्या आत. तेराशे रुपयांचं मला फारसं दुःख नाही. त्या तेराशेवाल्या वर्षांनी माझे १७० युरो उघडले असते, त्याचं आहे. म्हणून परत सांगतो, १०सी भरून पैसे घेऊ नका.

मग करायचं काय? त्याच १०सीमध्ये दुसरा पर्याय असतो, स्कीम सर्टिफिकेट. पैसे न घेता, तुमची इतकी सेवा झाली आहे असा कागद. तो घ्या. निदान खातं तसंच पडू द्या, पण पैसे काढू नका. परत येणार असाल तर आणखी एक कारण आहे, जे मला २०२२ मध्ये एचआरच्या टेबलावर कळलं. १ सप्टेंबर २०१४ नंतर नव्याने सदस्य होणाऱ्याचा मूळ पगार १५,००० च्या वर असेल, तर त्याला ईपीएसमध्ये घेतच नाहीत. जुना सदस्य राहिलो असतो तर पुढे चालू राहिलो असतो. पैसे काढून मी स्वतःला नवा माणूस करून ठेवलं, आणि नव्या माणसाला दार बंद.

निघण्यापूर्वी पीएफ पोर्टलवर सर्व्हिस हिस्ट्री उघडा. आधीच्या सगळ्या कंपन्या एकाच यूएएनखाली आहेत का, प्रत्येकीच्या पुढे नोकरी सोडल्याची तारीख आहे का, ते बघा. माझ्या एका सहकाऱ्याच्या पहिल्या कंपनीने तारीख टाकलीच नव्हती. नोकरी बदलताना खातं ट्रान्सफर केलं असेल तर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतं. घाबरू नका, ईपीएसमध्ये पुढे जाते ती सेवा, रक्कम नव्हे. त्या शून्याला घाबरून १०सीकडे वळू नका, एवढीच विनंती.

आता नाव. जर्मन पेन्शन क्रमांक १२ अक्षर-अंकांचा असतो. त्यात जन्मतारीख असते आणि जन्माच्या आडनावाचं पहिलं अक्षर असतं. लग्नानंतर जोशीच्या कुलकर्णी झालेल्या बाईंच्या क्रमांकात J येतो, आणि यूएएनवर मात्र कुलकर्णी. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, आधारवर नवऱ्याचं. वीस-पंचवीस वर्षांनी हे दोन कागद एकाच माणसाचे आहेत हे तुम्हालाच सिद्ध करायचं आहे. विवाह प्रमाणपत्राची प्रत त्याच फाइलला लावा, आत्ताच.

कंपनीच पाठवत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा पीएफ कार्यालयाकडून सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज घेतात आणि ४८ महिन्यांपर्यंत जर्मनीत वर्गणी भरावी लागत नाही. पगारातून कापलं जात नाही म्हणून लोक खूश असतात. पण ते महिने भारताचेच, जर्मनीच्या खात्यात त्यांचा एकही धरू नका. आणि एकाच महिन्यात दोन्हीकडे वर्गणी असेल तर तो महिना एकदाच मोजतात.

जर्मनीत असताना फार काही नाही. दरवर्षी मिळणारा वर्गणीचा कागद जपा, पेन्शन संस्थेकडून विमा-इतिहासाचा उतारा मागवा, घर बदललं की पत्ता कळवा. महिन्यात एक दिवस जरी वर्गणी लागू असली तरी तो पूर्ण महिना धरतात. त्यामुळे शेवटचा दिवस ३१ ऐवजी पुढच्या महिन्याच्या १ तारखेला नेता आला तर न्या.

परत आल्यावर कोणीतरी सांगेल, जर्मनीचे पैसे परत मिळतात. मिळतात. ६० महिन्यांपेक्षा कमी असतील तर, युरोपबाहेर गेल्यावर २४ महिन्यांनी, आणि फक्त तुमच्या पगारातून कापलेला अर्धा भाग. मालकाचा अर्धा तिथेच राहतो आणि तुमचे सगळे महिने पुसले जातात. हे जर्मन १०सीच समजा. भारतातली वर्षं शाबूत असतील तर हा अर्ज करू नका. माझ्यासारखी नसतील तर मात्र हाच रस्ता उरतो, नाहीतर परत जाऊन दहा महिने काढायचे.

अर्ज करायची वेळ दोन्हीकडे वेगळी, इकडे ५८, तिकडे ६७ (१९६४ मध्ये किंवा नंतर जन्मलेल्यांना). जिथे राहत असाल तिथल्या संस्थेकडे द्या, ती दुसरीकडे पाठवते. दुसऱ्या देशातली नोकरी अर्जात लिहा, क्रमांकासकट. पेन्शन सुरू झाली की दरवर्षी हयातीचा दाखला. फाइल बायकोला, नवऱ्याला दाखवून ठेवा. आणि १०सी...

सांगितलंय.